उरलेली सात अक्षरं

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो बाबांच्या आवाजाने. घड्याळ नंतर वाजायचं. सिंगापुरातल्या मरीन परेडच्या बाराव्या मजल्यावरचा आमचा फ्लॅट, खाली समुद्र बुजवून केलेली नवी जमीन, तिच्यावर लावलेली काठीएवढी झाडं, आणि स्वयंपाकघरात बाबा. बनियन, पायजमा, एका हातात चहाचा मग. तोंडाने काहीतरी चालू. कधी आरती, कधी कुणाच्या तरी लग्नातलं मंगलाष्टक, कधी नुसतंच गुणगुणणं. उजव्या हाताची बोटं ओट्यावर टिकटिक करत असायची. आईच्या पोळीलाटण्याचा ठेका आणि बाबांच्या बोटांचा ठेका कधी जुळायचा, कधी नाही. न जुळला की आई म्हणायची, "अहो, एकतर तुम्ही थांबा नाहीतर मी. पोळी वाकडी होतेय." बाबा थांबायचे नाहीत. पोळी वाकडी व्हायची. शेजारच्या मिसेस लिम भिंतीपलीकडून रेडिओ मोठा करायच्या, आणि आम्ही हसायचो.

बाबा जहाजांच्या गोदीत ड्राफ्ट्समन होते. दिवसभर कागदावर रेघा. गाणं कुठे शिकलेले नाहीत, संस्कृत शाळेत होतं तेवढंच. पण तेव्हा इथे आम्ही दहा-पंधरा मराठी घरं, आणि कुणाकडे लग्न निघालं की आधी हॉल ठरायचा आणि मग "मंगलाष्टकांना दामले आहेतच" असं म्हणून तो विषय संपायचा. विधी सांगायला देवळातले तमिळ गुरुजी असत, ते त्यांच्या पद्धतीने छान सांगत. पण अंतरपाट धरला की बाबा पुढे. हातात कागद नाही, चष्मा खिशात. आठच्या आठ म्हणायचे, आणि घड्याळाचा काटा मुहूर्तावर आला की बरोब्बर शेवटचं "सावधान". तुम्हाला एवढं पाठ कसं राहतं, असं कुणी विचारलं तर गोंधळून म्हणायचे, "कसं म्हणजे? तोंड उघडतो, येतं."

ते वाक्य मी आयुष्यभर घोळवलं आहे. तोंड उघडतो, येतं. त्यांचं सगळं बळ त्यातच होतं, आणि ते आम्हीच घालवलं. मी तर स्वतःच्या हाताने.

आमच्या नलूताईचं लग्न ठरलं तेव्हा मी सतरा वर्षांची. मुलगा सतीश, इंजिनियर, स्वभावाने गरीब. त्याला पर्थला नोकरी लागलेली, लग्न झाल्यावर दुसऱ्या दिवशी दोघांचं विमान. ताई आमची बाबांची फार लाडकी. ती लहान असताना बाबा कामावरून परतायच्या वेळेला बसस्टॉपवर धावत जायची, भर उन्हात, पायात चप्पल असेल नसेल. बाबांनी तिच्यासाठी पाच मंगलाष्टकं स्वतः रचली. महिनाभर रात्री जेवणानंतर पेन्सिल चावत बसायचे. आईला वाचून दाखवायचे, मला दाखवायचे, ताईला मात्र नाही. "तिने ते तिथेच ऐकायचं. अंतरपाटाआडून. तेव्हाच," असं म्हणायचे. मुलीला द्यायला माझ्याकडे दुसरं काय आहे, असंही एकदा आईला म्हणाले. ते मी दाराआडून ऐकलं.

लग्नाच्या पंधरा दिवस आधी पुण्याहून अण्णाकाका आले. बाबांचे थोरले भाऊ. गाणं शिकलेले, गळ्यात मफलर. सिंगापुरात मफलर! विमानतळावर घामाने निथळत होते पण काढला नाही. माणूस वाईट नव्हता हो, हे आधी सांगते. भाच्यांसाठी, पुतण्यांसाठी जीव टाकणारा. येताना ताईसाठी चिरोटे डब्यात भरून आणले, सगळा प्रवास डबा मांडीवर. त्यांना त्याच संध्याकाळी बाबांची मंगलाष्टकं ऐकायची होती. बाबांनी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून म्हणून दाखवली. अण्णाकाका डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "रचना झकास आहे वसंता. म्हणण्याचं मात्र जरा बघायला हवं."

"काय झालं?"

"वृत्त कुठलं आहे हे? शार्दूलविक्रीडित. एकोणीस अक्षरं. बारावर थांबायचं, मग सात. तू बारावर थांबतोस खरा, पण श्वास कुठेही घेतोस. आणि तो हात! काय टकटक करतोस सुताराच्या दुकानात बसल्यासारखा? स्टेजवर शोभतं का? परका पाहुणा बसलेला असणार."

बाबा हसले. म्हणाले, "पंधरा लग्नं केली अण्णा, कुणी हाताकडे बघितलं नाही."

"ती लोकांची लग्नं होती. हे तुझ्या मुलीचं आहे."

झालं. त्या एका वाक्याने बाबांचा चेहरा बदलला, ते मी पाहिलं. आणि मग अण्णाकाका मला म्हणाले, "कुंदे, तुझं अक्षर चांगलं आहे ना? लिही." मी खुशीत कागद घेतला. बाराव्या अक्षरावर थांबणे. श्वास नाकाने, तोही थांब्यावरच. उजवा हात स्थिर, शक्यतो डाव्याने धरून ठेवणे. शेवटचं अक्षर न ओढणे. नजर समोर. प्रत्येक शब्द मनात आधी बघून मग उच्चारणे. अशा दहा सूचना. मोठ्या अक्षरात, खाली लाल रेघ मारून, आणि तो कागद मी स्वयंपाकघराच्या कपाटावर चिकटवला. बाबांना रोज दिसेल असा. किती कौतुक वाटलं होतं मला माझंच!

दुसऱ्या दिवसापासून घरातला सकाळचा आवाज बदलला. आधी गाणं होतं, आता तुकडे. बाबा एक ओळ म्हणायचे, थांबायचे, कपाटाकडे बघायचे. हात पाठीमागे बांधलेले. "श्वास चुकला," म्हणायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा पहिल्यापासून, हेही लक्षात ठेवा. मधून कुठूनही उचललेलं त्यांना यायचंच नाही, कधीच आलं नव्हतं. एक ओळ संपता संपता पुढचीला ओढून आणायची. आगगाडीसारखा डब्याला डबा जोडलेला. मधला एक सुटला तर मागचे सगळे जागीच उभे. आई एकदा लाटणं ठेवून म्हणाली, "अहो, तुम्हाला येत होतं ना हे?" बाबा चिडले. आमच्या घरात बाबा चिडत नसत.

इथे जरा थांबून आजचं सांगते. आता आमच्या दाराशी MRT, म्हणजे इथली मेट्रो, आली आहे, आणि मी तीत बसून कधी कधी नोव्हेनाच्या हॉस्पिटलात जाते गुडघ्यासाठी. तिथे आपल्या मराठी मंडळींतली एक मुलगी मानसतज्ज्ञ आहे, गोड पोरगी, तिला मी एकदा हे सगळं विचारलं. ती म्हणाली, "काकू, जिना उतरताना तुम्ही कधी प्रत्येक पावलाकडे लक्ष दिलंय का? देऊन बघा. अडखळाल." जे अंगवळणी पडलेलं असतं ते आपोआप चालतं, आणि त्याच्या एकेका भागावर पहारा बसवला की त्या पहाऱ्यानेच ते मोडतं. नवशिक्याला सूचना लागतात, सराईताला त्याच नडतात. आणि वर काळजी. डोक्यात क्षणापुरतं धरून ठेवायची जी जागा असते ती म्हणे फार लहान. तिथे "चुकलो तर", "लोक काय म्हणतील" हे येऊन बसलं की कामाच्या गोष्टीला बसायला पाट उरत नाही. पाट हा माझा शब्द हं, तिने इंग्रजीत सांगितलं होतं. ज्याला जास्त येतं, ज्याला ती गोष्ट जास्त मोलाची, त्याचंही असं होतं. ते अज्ञान नसतं. मी ऐकत होते आणि मला आमचं ते कपाट दिसत होतं, लाल रेघेसकट.

लग्नाच्या दिवशी देवळाचा हॉल भरलेला. दारात केळीचे खांब, आत पंडनच्या पानांचा आणि मोगऱ्याचा मिसळलेला वास. आईने पहाटे उठून एकटीने घरी नैवेद्याची पुरणपोळी केलेली, तिच्या बोटांना अजून जायफळाचा वास होता. मिसेस लिम लाल रेशमी कपडे घालून पहिल्या रांगेत. आणि प्रत्येकाच्या हातात गुलाबी कागद, त्यावर बाबांची मंगलाष्टकं छापलेली. ही आपली जुनी पद्धत, पण इथे पहिल्यांदाच कुणीतरी केली, अण्णाकाकांच्या आग्रहाने. आजवर लोक बाबांचं नुसतं ऐकत होते. आता सव्वाशे माणसं कागदावर बोट ठेवून तपासत होती. तपासत होती म्हणजे कौतुकानेच. पण बाबांना स्टेजवरून दिसत काय होतं? खाली वाकलेली डोकी आणि ओळींवरून सरकणारी बोटं.

शिवाय माइक. आधीची लग्नं छोट्या जागांत झाली, बाबा साध्या आवाजात म्हणायचे. इथे त्यांचाच आवाज मागच्या भिंतीवरच्या कर्ण्यातून किंचित उशिरा परत येत होता. माणूस बोलताना स्वतःचं ऐकायला लागला की संपलं.

अंतरपाट धरला. ताई पलीकडे, मला तिच्या मुंडावळ्या आणि हिरव्या शालूची कड तेवढी दिसत होती. मुहूर्त अकरा वाजून सात मिनिटांचा. अण्णाकाका घड्याळ बघत बाबांच्या उजव्या हाताला, मी डाव्या हाताला, अक्षतांचं तबक घेऊन.  बाबांचं तोंड कोरडं पडलेलं, ओठ चिकटल्याचा आवाज माइकमधून सगळ्यांनी ऐकला. मी पाणी द्यायला हवं होतं. सुचलं नाही.

पहिलं मंगलाष्टक नीट झालं. ऐकणाऱ्यांना नीट वाटलं, म्हणायला हवं. मला कळत होतं की बाबांचा श्वास वरच्यावर चाललाय, छातीतच, पोटापर्यंत जातच नाही. घाबरलेल्या माणसाचा श्वास असाच असतो. आणि या वृत्ताची ओळ लांब. बारा अक्षरांपर्यंत पोचेतो त्यांची हवा संपत होती. उजवा हात डाव्या हातात गच्च धरलेला, बोटं पांढरी. दुसरं झालं, त्यात एक शब्द मागेपुढे झाला. तो कुणाला कळला नसता, पण गुलाबी कागदामुळे कळला. पुढच्या रांगेत दोघं-तिघं एकमेकांकडे बघून हसले. चेष्टेने नव्हे. पण बाबांनी ते पाहिलं.

तिसरं ताईचं होतं. बसस्टॉपचं. तिसरी ओळ आली:

"आली धावत ही उन्हात चिमणी..."

बारा अक्षरं. थांबा. कागदावर लिहिल्याप्रमाणे बाबांनी नाकाने श्वास घेतला. नेहमी ते तिथे इतके थांबतच नसत. आणि त्या थांब्यात पुढचं गेलं.

मग बाबांनी म्हटलं, "सौभाग्य लाभो सदा." ते पाचव्या मंगलाष्टकातलं होतं. तेही सातच अक्षरांचं, त्याच वजनाचं. मोकळ्या जागेत चपखल बसलं. चुकलं हे त्यांना लगेच कळलं. ते थांबले. ओळ पुन्हा घेतली. "आली धावत ही उन्हात चिमणी, सौभाग्य..." पुन्हा तेच. चुकीचा शब्द एकदा दारात येऊन उभा राहिला की जितकं ढकलावं तितका घट्ट बसतो. तिसऱ्यांदा ते "चिमणी"वर गप्पच झाले.

हॉलमध्ये नुसता पंख्यांचा आवाज. आणि मग सगळी मदतीला धावली, हेच तर झालं! पुढच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "बाबांस". मागून कुणीतरी भलतीच ओळ वाचली. एक गृहस्थ उगाच मोठ्याने, "होतं होतं, सावकाश, वसंतराव." अण्णाकाका कानाशी, "मुलगी भेटायला येते ते. अरे, भेटायला, भेटायला." अर्थ सांगत होते. अर्थ का माहीत नव्हता बाबांना? अर्थ तर त्यांच्या डोळ्यांतून वाहायच्या बेतात होता. शब्द हवे होते. मी माझ्या हातातला गुलाबी कागद त्यांच्या हातात कोंबला. चष्मा खिशात.  ते त्या कागदाकडे बघत होते, पण त्यांना काही दिसत होतं असं मला वाटत नाही. माइकपासून तोंड न वळवता हळूच म्हणाले, "मला येतंय ते." सगळ्या हॉलने ऐकलं.

अंतरपाटाच्या पलीकडून ताईचा आवाज आला, "बाबा?"

नवरीने बोलायचं नसतं तिथे. ती बोलली. आणि बाबांनी मान खाली घातली.

घड्याळात चार मिनिटं होती अजून. अण्णाकाकांना काय वाटलं देव जाणे. भावाची लाज झाकावी असंच वाटलं असणार. त्यांनी माइक स्वतःकडे ओढला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "शुभमंगल सावधान!" लोकांना ते शब्द म्हणजे इशारा. सगळे हात एकदम वर झाले. अक्षता पडल्या, सनईची टेप सुरू झाली, अंतरपाट धरणाऱ्या दोघांनी गोंधळून तो सोडला, गुरुजी "नो, नो, टाइम नॉट येट" म्हणत उभे राहिले. टाळ्या. मिसेस लिमना वाटलं असंच असतं, त्या उभं राहून टाळ्या वाजवत होत्या. लग्न लागलं. मुहूर्ताच्या चार मिनिटं आधी, अडीच मंगलाष्टकांवर. बाबांच्या ओल्या गालावर आणि ओठांवर तांदूळ चिकटले होते आणि ते पुसत नव्हते.

झाल्या प्रकाराबद्दल कुणी काही बोललं नाही हो. तेच वाईट. जेवणाच्या पंगतीत प्रत्येक जण बाबांना मुद्दाम येऊन सांगत होता, "किती छान रचना!" अण्णाकाका एका कोपऱ्यात मफलर काढून बसले होते, पानावरचं अन्न तसंच. आई वाढत होती, एकदाही खाली बसली नाही. ताईने निघताना बाबांच्या गळ्यात पडून विचारलं, "पुढे काय होतं बाबा?" बाबा म्हणाले, "कागदावर आहे बेटा."

दुसऱ्या दिवशी ताईला विमानतळावर पोचवून आलो. तिसऱ्या दिवशी सकाळी मी जागी झाले ती बाबांच्या आवाजाने. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे राहून ते ओले कपडे बांबूवर घालत होते, इथे तो बांबू खिडकीबाहेर भिंतीतल्या भोकात खोचतात तसा. पाठ माझ्याकडे. कपडे झटकता झटकता म्हणत होते, पहिलं, दुसरं, तिसरं. "आली धावत ही उन्हात चिमणी, बाबांस भेटावया." न थांबता. पुढे चौथं, पाचवं, सगळं. असं गोड त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं. लोक नव्हते, कागद नव्हता, कुणाला काही द्यायचं राहिलं नव्हतं. म्हणून आलं.

मी दारात उभी होते. नुसतं उभं राहायला हवं होतं मी. पण सतरा वर्षांची पोर, आनंद झाला, ओरडले, "बाबा! आलं की! बघा, आलं!"

ते वळले. ओला सदरा हातात. मी म्हटलं, "पुन्हा म्हणा ना. तेवढं तिसरं." बाबांनी माझ्यासाठी सुरू केलं. हात पाठीमागे घेतले, नजर समोर. मला तेव्हाच कळायला हवं होतं. "आली धावत ही उन्हात चिमणी." थांबले. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, जसं काही माझ्या तोंडावर लिहिलेलं असावं. मग म्हणाले, "राहू दे." आणि बांबू बाहेर खोचला. त्या दिवशी कपाटावरचा कागद मी काढून फाडला. पण कागद फाडून काय होणार? तो त्यांच्या आत चिकटला होता.

मग बाबांनी कुठल्याच लग्नात म्हटलं नाही. आधी सर्दीचं कारण, मग कामाचं, मग लोकांनी विचारणंच सोडलं. एकदा पडलेला माणूस लगेच चार माणसांपुढे पुन्हा उभा राहिला तर भीती विरते. टाळत गेला तर दर टाळण्याने ती जास्त खरी होते. हे मला आता माहीत आहे. माझी नात ईरा परवा शाळेच्या भाषणाआधी म्हणाली, "आजी, I know everything already, but up there all gone lah." मी तिला एकही सूचना दिली नाही. "मधूनच कुठूनही सुरू कर," म्हटलं, "चुकलीस तरी पुढे जा," म्हटलं, आणि रोज चार शेजारणी जमवून त्यांच्यासमोर बोलायला लावलं. मिळून हसलो, चुकली, पुढे गेली. तिला जमलं. मी घरी येऊन रडले, ते तिला सांगितलं नाही.

माझं लग्न ताईनंतर सहा वर्षांनी झालं. तोवर मी एक धडा पक्का शिकले होते, बाबांना छेडायचं नाही. मंगलाष्टकांचा विषय मी घरात काढलाच नाही. दुसऱ्या एका बाईंनी म्हटली, वाचून, छान म्हटली. बाबा पहिल्या रांगेत बसले होते, मुठीत अक्षता. मला मनातून बरं वाटत होतं की आपण त्यांना जपलं, त्यांच्यावर ती वेळ पुन्हा येऊ दिली नाही.

निघताना मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही. मग हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले,

"मला वाटलं होतं, तू विचारशील."